बँक विलीन झाल्यावर खाते क्रमांक, शाखेचा कोड आणि चेकबुक यांचे काय होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील खातेदारांना बँकेचे विलीनीकरण नवे नाही. साताऱ्यात मुख्यालय असलेली युनायटेड वेस्टर्न बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत, तर सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्रा, अलाहाबाद अशा राष्ट्रीयीकृत बँकांची पाळी आली. मी अनेक वर्षे शाखेच्या काउंटरवर काम केले असून खालील प्रश्न खातेदारांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. ठेवीतील रकमेची काळजी बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात अडचण येते ती क्रमांकांमुळे, आणि तीही विलीनीकरणानंतर कित्येक महिन्यांनी, जेव्हा सगळे सुरळीत झाले असे वाटू लागलेले असते.

माझी बँक आजपासून विलीन झाली असे वर्तमानपत्रात वाचले. माझा खाते क्रमांक आजच बदलला का?

नाही. विलीनीकरणाला एक नव्हे, तीन तारखा असतात, आणि या तीन तारखांची सरमिसळ झाली की चुका होतात. पहिली तारीख कायदेशीर विलीनीकरणाची. त्या दिवशी जुन्या बँकेची सर्व देणी-घेणी नव्या बँकेकडे जातात. मात्र तुमच्या शाखेतील संगणक, पासबुक आणि चेकबुक कालच्यासारखेच चालू राहतात. दुसरी तारीख संगणक प्रणाली एक होण्याची. त्या शनिवार-रविवारी तुमच्या खात्याची सर्व माहिती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवली जाते, त्यामुळे एटीएम आणि मोबाइल बँकिंग काही तास बंद राहते, आणि खाते क्रमांक बदलायचा असेल तर तो याच वेळी बदलतो. तिसरी तारीख शाखेचे जुने कोड, म्हणजे आयएफएससी आणि एमआयसीआर, तसेच जुनी चेकबुके बंद होण्याची.

देना आणि विजया या बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. शाखांच्या प्रणाली एकत्र करण्याचे काम डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण झाले आणि जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या तारखेत जवळजवळ दोन वर्षांचे अंतर होते. एवढ्या काळात विलीनीकरणाची बातमी लोक विसरून जातात, आणि नेमकी तिसरी तारीखच त्यांच्या व्यवहाराला नडते. म्हणून शाखेत गेल्यावर “विलीनीकरण कधी झाले” असे न विचारता “माझ्या शाखेची प्रणाली कधी जोडली जाणार आहे आणि जुने चेक कोणत्या तारखेपर्यंत वटतील” असे विचारावे, आणि मिळालेल्या दोन्ही तारखा पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

खाते क्रमांक प्रत्येक वेळी बदलतोच का?

प्रत्येक वेळी नाही. खाते क्रमांक ही बँकेच्या संगणक प्रणालीतील नोंदीची किल्ली असते. कोणत्या बँकेत त्यातील काही अंक शाखा दाखवतात, कोणत्या बँकेत खात्याचा प्रकार, आणि बहुधा एखादा अंक क्रमांक चुकीचा टाइप झाला तर ते लक्षात यावे यासाठी असतो. दोन्ही बँकांच्या प्रणाली सारख्या असतील आणि जुन्या बँकेतला क्रमांक नव्या बँकेत आधी कोणाला दिलेला नसेल, तर तो तसाच ठेवता येतो. स्टेट बँकेच्या सहयोगी बँका १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाल्या तेव्हा खातेदारांचे क्रमांक बदलले नाहीत, कारण त्या आधीपासूनच एका प्रणालीवर चालत होत्या. याउलट देना आणि विजया बँकांच्या खातेदारांना बँक ऑफ बडोदाच्या पद्धतीचे १४ अंकी नवे क्रमांक मिळाले.

क्रमांक बदलला तर बँक एसएमएस किंवा पत्राने कळवते, पण मोबाइल नंबर जुना असेल तर ते कळणारच नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रणाली जोडली गेल्यानंतर शाखेतून नवे पासबुक घेणे आणि त्याच्या पहिल्या पानावरचा क्रमांक प्रमाण मानणे. जुना क्रमांक सांगितल्यावर काउंटरवरचा कर्मचारी तुमचे खाते शोधून देतो, म्हणून जुनाच क्रमांक चालतो असा समज करून घेऊ नये. बँक काही काळ जुना क्रमांक नव्या क्रमांकाशी जोडून ठेवते, एवढाच त्याचा अर्थ.

येथे कारखाने, दूध संस्था आणि शाळांच्या कार्यालयांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. खातेदारांची यादी एक्सेलमध्ये ठेवताना खाते क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ प्रकारचा करून घ्यावा. तसे न केल्यास एक्सेल सुरुवातीचे शून्य गाळते, आणि क्रमांक १५ अंकांहून मोठा असेल तर पुढच्या अंकांच्या जागी शून्य टाकते. नवे क्रमांक भरण्याच्या गडबडीत ही चूक झाली की पगार किंवा ऊसबिल परत येते आणि दोष मात्र विलीनीकरणाला दिला जातो.

खाते क्रमांक तोच राहिला, तरी आयएफएससी का बदलतो?

आयएफएससी खात्याचा नसतो, शाखेचा असतो. त्यात ११ चिन्हे असतात: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य आणि शेवटची सहा चिन्हे शाखेची. बँकच उरली नाही की पहिली चार अक्षरे बदलावीच लागतात. शेवटच्या सहांचे काय करायचे हे नवी बँक ठरवते. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली तेव्हा शाखेच्या जुन्या क्रमांकात १०,००० मिळवण्याची पद्धत ठरली, म्हणजे उदाहरणादाखल:

```
SYNB0001234  →  CNRB0011234
```

ही पद्धत समजून घेण्यापुरतीच उपयोगाची आहे. तिच्या आधाराने नवा कोड स्वतः तयार करू नये, कारण प्रत्येक विलीनीकरणात पद्धत वेगळी असते. शिवाय कोड दुसऱ्यांदाही बदलू शकतो. सांगलीत विश्रामबागेत किंवा साताऱ्यात राजवाड्याजवळ जुन्या आणि नव्या बँकेची शाखा हाकेच्या अंतरावर असेल, तर काही महिन्यांनी त्यातली एक बंद करून दोन्ही एकत्र केल्या जातात, आणि बंद झालेल्या शाखेच्या खातेदारांना राहिलेल्या शाखेचा कोड लागू होतो. म्हणून कोड पाहायचा तो नव्या पासबुकावर, नव्या चेकवर किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर. शोध घेतल्यावर वर येणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर बंद झालेले कोड वर्षानुवर्षे तसेच पडून असतात.

चेकबुकात बरीच पाने शिल्लक आहेत. ती वाया का घालवायची? नाव तर नव्या बँकेचे हाताने लिहिता येईल.

हा प्रश्न फार मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर चेक समोर ठेवूनच समजून घ्यावे. चेकच्या तळाशी एक पांढरी पट्टी असते आणि तिच्यावर ठळक, थोड्या चमत्कारिक वळणाचे आकडे चुंबकीय शाईने छापलेले असतात. डावीकडचे पहिले सहा अंक चेकचा क्रमांक. त्यानंतरचे नऊ अंक म्हणजे एमआयसीआर कोड: त्यातले पहिले तीन शहराचे, जे साधारणपणे पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांसारखे असतात, म्हणजे साताऱ्याला ४१५ आणि सांगलीला ४१६, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. पुढे खात्याशी संबंधित सहा अंक असतात आणि अगदी उजवीकडचे दोन अंक चेकचा प्रकार सांगतात.

आता चेक कागदाच्या रूपाने गावोगाव फिरत नाही. तो जिथे जमा होतो तिथेच स्कॅन होतो आणि त्याची प्रतिमा व पट्टीवरचे आकडे पुढे पाठवले जातात. चेक कोणत्या बँकेकडे वटण्यासाठी जायचा हे यंत्र त्या मधल्या तीन अंकांवरून ठरवते. वर छापलेले किंवा हाताने लिहिलेले बँकेचे नाव यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. तिसऱ्या तारखेनंतर ते तीन अंक कोणत्याही बँकेचे राहत नाहीत, त्यामुळे तुमच्या खात्यात लाखो रुपये असले तरी चेक परत येतो. पट्टीवर काहीही लिहू नये, शिक्का मारू नये आणि खाडाखोड करू नये. त्याने चेक चालू होत नाही, उलट संशयास्पद ठरतो. शिल्लक पाने शाखेत परत द्यावीत किंवा पट्टीसह फाडून टाकावीत.

मी पुढच्या तारखांचे चेक आधीच देऊन ठेवले आहेत. त्यांचे काय?

विलीनीकरणातला सर्वांत जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच आहे, म्हणून एक उदाहरण तपशिलाने पाहू. समजा, तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराने कृषी सेवा केंद्राला औषधांच्या उधारीपोटी प्रत्येकी ४०,००० रुपयांचे तीन चेक दिले आहेत: १५ मे, १५ जून आणि १५ जुलै या तारखांचे. त्याच्या बँकेने जुने चेक ३० जूनपर्यंतच वटतील असे जाहीर केले आहे.

१५ मेच्या चेकची अडचण नाही. १५ जुलैचा चेक आजच निरुपयोगी झाला आहे, कारण त्याची तारीख येईल तेव्हा त्याच्यावरचा बँक कोड बंद झालेला असेल. खरा घोटाळा होतो तो मधल्या चेकचा. चेक त्याच्यावरील तारखेपासून तीन महिने चालतो हे दुकानदाराला माहीत असते, त्यामुळे १५ जूनचा चेक १५ सप्टेंबरपर्यंत कधीही भरता येईल असे तो गृहीत धरतो आणि बागायतदाराची अडचण ओळखून जुलैपर्यंत थांबतो. चांगल्या मनाने थांबतो, आणि म्हणूनच चेक परत येतो. तीन महिन्यांची मुदत आणि बँकेने दिलेली शेवटची तारीख या दोन वेगळ्या मुदती आहेत. जी आधी संपते ती लागू होते.

अशा वेळी बागायतदाराने काय करावे? शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी नव्या चेकबुकाची मागणी नोंदवावी, कारण चेकबुक छापून टपालाने यायला वेळ लागतो आणि त्या काळात मागणी एकदम वाढलेली असते. नवे चेकबुक हाती आल्यावर दुकानदाराला भेटून जून आणि जुलैच्या चेकच्या बदल्यात त्याच रकमेचे आणि त्याच तारखांचे नवे चेक द्यावेत. त्याच वेळी जुने चेक परत घ्यावेत आणि “चेक क्रमांक अमुक व अमुक परत दिले, त्यांच्या बदल्यात चेक क्रमांक अमुक व अमुक मिळाले” अशी दोन ओळींची सही-तारखेची पोच घ्यावी. संकोचापोटी ही पोच घेण्याचे टाळले जाते. पण एकाच देण्यापोटी चार चेक दुसऱ्याच्या हातात राहणे दोघांच्याही हिताचे नाही. जुने चेक सापडत नाहीत असे दुकानदार म्हणाला, तर त्या क्रमांकांसाठी शाखेत ‘पेमेंट थांबवा’ असा लेखी अर्ज द्यावा.

घर, ट्रॅक्टर किंवा सोने तारण कर्जासाठी पतसंस्थेला किंवा फायनान्स कंपनीला दिलेल्या कोऱ्या आणि तारण चेकनाही हेच लागू आहे. नवे चेक दिले की जुने मागून घ्यावेत, आणि हे पत्र देऊन करावे.

दुसऱ्याने दिलेला, विलीन झालेल्या बँकेचा चेक माझ्याकडे आहे.

तो लगेच भरावा, आणि शेवटच्या दिवसाची वाट न पाहता निदान चार-पाच दिवस आधी भरावा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभरात सलग पुढे पाठवले जाऊ लागल्यामुळे ते पूर्वीपेक्षा लवकर वटतात, तरी पेटीत टाकलेला चेक त्याच दिवशी स्कॅन होईलच असे नाही. चेक परत आला तर परतीच्या मेमोवरचे कारण वाचावे. शिल्लक अपुरी असणे आणि चेक जुन्या बँकेचा असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कारणासाठी परत आलेला चेक दाखवून देणाऱ्याकडून नवा चेक मागावा. चेक जुना झाला म्हणून त्याचे देणे संपत नाही, आणि त्याने फसवले असेही होत नाही.

बेदाण्याचे पैसे व्यापाऱ्याने एनईएफटीने पाठवले असे तो म्हणतो, पण माझ्या खात्यात आलेले नाहीत. पैसे कुठे गेले?

पहिल्यांदा व्यापाऱ्याकडून यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागून घ्यावा. एनईएफटीचा यूटीआर १६ चिन्हांचा असतो आणि तो असल्याशिवाय कोणतीही शाखा शोध घेऊ शकत नाही. “पाठवले” या शब्दाचा स्क्रीनवरचा फोटो पुरेसा नसतो.

व्यापाऱ्याने तुमचे खाते दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच्या यादीत जोडलेले असते, आणि त्या नोंदीत जुना आयएफएससी तसाच असतो. दोन्ही कोड चालू असण्याच्या काळात पैसे व्यवस्थित येत राहतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कोड बंद झाला की एक तर यंत्रणा व्यवहार स्वीकारतच नाही किंवा रक्कम परत फिरते. जमा करता न आलेली एनईएफटीची रक्कम ज्या व्यवहारांच्या गटातून आली तो गट पूर्ण झाल्यापासून दोन तासांत पाठवणाऱ्या बँकेकडे परत जाणे अपेक्षित असते. म्हणजे पैसे हरवलेले नसतात. बहुतेक वेळा ते व्यापाऱ्याच्याच खात्यात परत आलेले असतात आणि त्याने आपले स्टेटमेंट पाहिलेले नसते. त्याला त्या दिवसाच्या नावेच्या नोंदीनंतर तेवढ्याच रकमेची जमा नोंद आहे का, एवढे पाहायला सांगावे. सौद्यांच्या दिवसांत व्यापाऱ्याच्या खात्यात शेकडो नोंदी असतात, तेव्हा हे मुद्दाम सांगावे लागते.

यावर उपाय म्हणजे व्यापाऱ्याने जुनी नोंद पुसून नवा क्रमांक आणि नवा आयएफएससी यांसह नवीन नोंद करणे. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी देणे आवश्यक आहे. नवीन नोंद केल्यावर त्या सोयीने नाव तपासावे, आणि मोठ्या रकमेआधी शंभर रुपये पाठवून ते पोचल्याची खात्री करावी.

सरकारी अनुदान, भविष्य निर्वाह निधी आणि आयकराचा परतावा यांसाठी कुठे कळवायचे?

येथे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. पीएम किसानसारख्या योजनांची आधारावर आधारित रक्कम खाते क्रमांकावर नव्हे, तर तुमचा आधार ज्या बँकेशी जोडलेला आहे त्या बँकेकडे जाते. म्हणून myAadhaar या संकेतस्थळावर `Bank Seeding Status` मध्ये नव्या बँकेचे नाव आणि ‘Active’ असे दिसते का, हे पाहावे. जुन्या बँकेचे नाव दिसत असेल किंवा जोडणी बंद दिसत असेल, तर शाखेत आधार जोडणीचा अर्ज पुन्हा द्यावा. नुसती आधारची छायांकित प्रत देणे म्हणजे अनुदानासाठी जोडणी नव्हे; अर्जावर तसा स्पष्ट उल्लेख असावा लागतो.

भविष्य निर्वाह निधी आणि आयकराचा परतावा मात्र खाते क्रमांक व आयएफएससी यांवरच चालतात. निधीच्या सदस्य पोर्टलवर `Manage` मधील `KYC` येथे नवा आयएफएससी नोंदवावा. तो जुना असेल तर निवृत्तीनंतर केलेला दावा नेमका गरजेच्या वेळी फेटाळला जातो. आयकराच्या पोर्टलवर `My Profile` मधील `My Bank Account` येथे खाते पुन्हा प्रमाणित करावे, आणि परतावा आधीच परत गेला असेल तर `Refund Reissue` ची विनंती करावी.

विमा, शेअरचा लाभांश आणि म्युच्युअल फंड यांच्याकडेही नवा रद्द केलेला चेक द्यावा लागतो.

माझ्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप जातो. तो थांबेल का?

बहुतेक वेळा नवी बँक जुन्या संमतिपत्रांची जोडणी आपल्या प्रणालीत करून घेते आणि हप्ता चालू राहतो. तरीही प्रणाली जोडली गेल्यानंतरच्या पहिल्या दोन हप्त्यांच्या दिवशी खाते तपासावे. हप्ता वजा झालेला नसेल तर त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेला कळवून तो स्वतः भरावा आणि संमतिपत्र नव्याने द्यावे, कारण चूक कोणाचीही असली तरी दंड आणि पतनोंदीवरचा डाग कर्जदाराच्या नावे लागतो. दंड लावलाच गेला, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनामूल्य दाद मागता येते.

जुन्या आणि नव्या, दोन्ही बँकांत माझे खाते होते. आता काय?

दोन्ही खाती राहतात, मात्र पॅन एकच असल्यामुळे दोन ग्राहक क्रमांकांचा एक ग्राहक क्रमांक केला जातो. त्याचा परिणाम ठेवींच्या व्याजावरील करकपातीवर होतो, कारण मर्यादा बँकेगणिक मोजली जाते आणि आता दोन्हीकडचे व्याज एकत्र धरले जाते. नावाचे स्पेलिंग, पत्ता आणि वारसाची नोंद दोन्हीकडे वेगळी असेल तर ती याच वेळी तपासून दुरुस्त करून घ्यावी.

विलीनीकरणामुळे खाते बंद होईल, ओटीपी सांगा, असा फोन आला.

सांगू नये. खाते क्रमांक, कोड किंवा चेकबुक बदलण्यासाठी बँकेला तुमच्याकडून ओटीपी किंवा एटीएमचा पिन लागत नाही. ओटीपी दिला गेला असेल तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे.

वडिलांच्या कपाटात सांगली बँकेची जुनी ठेव पावती सापडली. ती बँक आता नाही, मग पैसे बुडाले का?

बँक नाहीशी झाली तरी तिची देणी नव्या बँकेकडे गेलेली असतात. सांगली बँकेच्या पावतीसाठी आयसीआयसीआय बँकेत आणि युनायटेड वेस्टर्न बँकेच्या पावतीसाठी आयडीबीआय बँकेत विचारावे. ठेव आधीच काढलेली असू शकते, आणि पावती नुसती कपाटात राहून गेलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. दहा वर्षांहून अधिक काळ कोणी हक्क न सांगितलेली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, पण ठेवीदाराचा किंवा वारसांचा हक्क त्याने संपत नाही. मागणी मात्र बँकेकडेच करायची असते. अशा ठेवी शोधण्यासाठी udgam.rbi.org.in हे पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे. तेथे शोधताना जुन्या बँकेचे नाव यादीत सापडणार नाही, म्हणून नवी बँक निवडावी आणि वडिलांचे नाव पावतीवर ज्या स्पेलिंगने आहे त्याच स्पेलिंगने टाकावे. न मिळाल्यास आडनाव आधी, मग नाव, अशा क्रमानेही पाहावे. शाखेत जाताना पावतीची मूळ प्रत काउंटरवर ठेवून येऊ नये. छायांकित प्रत द्यावी, तिच्यावर जुना ठेव क्रमांक आणि जुन्या शाखेचे नाव ठळक लिहावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी.